रात्रीच्या तपासणीतील शिल्लक विनंत्या : प्रकल्प नोंदी, इंदूर

8 सप्टेंबर 2025, सोमवार

आमच्या वाचनालयातील जुन्या दिवाळी अंकांची सूची गणेशोत्सवात सभासदांसमोर ठेवली गेली आणि तेव्हापासून लेखांच्या प्रतींसाठी विनंत्यांची रीघ लागली. विनंती गूगल फॉर्मवरून शीटमध्ये येते. रात्री दोन ते तीनच्या दरम्यान एक अ‍ॅप्स स्क्रिप्ट त्या ओळी तपासते, मागितलेल्या पानांच्या प्रतिमा शोधून त्यांची एक पीडीएफ बांधते आणि ती मागणाऱ्याला ईमेलने पाठवते. सकाळी सात वाजता दुसरी छोटी स्क्रिप्ट शीट वाचून कार्यकारिणीला अहवाल पाठवते. दोन्ही मीच लिहिलेल्या आहेत, आणि रोज पाच-सहा विनंत्या येत होत्या तोवर त्यांबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती.

उत्सवाच्या काळात स्कॅनिंगचा संगणक कार्यक्रमासाठी लागत असल्याने ग्रंथपाल ताईंनी 27 ऑगस्टपासून रात्रीची तपासणी थांबवून ठेवली होती. ती काल रात्री पुन्हा सुरू केली, तेव्हा शीटमध्ये 41 विनंत्या साचलेल्या होत्या. आज सकाळी सातच्या अहवालात पुढील वाक्य होते : ‘रात्रीची तपासणी पूर्ण. प्रलंबित विनंत्या : 0.’ अकराच्या सुमारास रामबागेतील एका सभासद काकूंचा ताईंना फोन आला की त्यांनी 30 ऑगस्टला मागितलेला लेख अद्याप मिळालेला नाही. ताईंनी शीट उघडून पाहिली तर त्यांच्या विनंतीसमोर ‘प्रक्रियेत’ असे लिहिलेले होते, आणि तसेच ते आणखी सत्तावीस ओळींसमोरही होते.

संध्याकाळी घरून स्क्रिप्टच्या अंमलबजावणीची यादी पाहिली. कालच्या फेरीसमोर ही ओळ होती :

```
Exceeded maximum execution time
```

अ‍ॅप्स स्क्रिप्टची एक फेरी जास्तीत जास्त सहा मिनिटे चालते. तेवढ्या वेळात काम संपले नाही तर ती जिथे असेल तिथेच तोडली जाते. ही मर्यादा मला माहीत होती. एका विनंतीला सुमारे पंचवीस सेकंद लागतात हेही माहीत होते. या दोन आकड्यांचा भागाकार मात्र मी कधी केला नव्हता, कारण पाच-सहा विनंत्यांसाठी तो करण्याची गरजच पडली नव्हती.

9 सप्टेंबर, मंगळवार

फेरी वेळेअभावी तुटली हे समजण्यासारखे आहे. तुटलेल्या फेरीने ‘प्रलंबित 0’ असा अहवाल कसा दिला, हे मात्र मला स्वतःलाच समजावून सांगावे लागले.

एकच विनंती दोन फेऱ्यांनी उचलू नये म्हणून, फेरी सुरू होताच सर्व प्रलंबित ओळी एकदम ‘प्रक्रियेत’ करून टाकायच्या आणि मग एकेक हातात घ्यायची, अशी रचना मी केली होती. त्यामुळे पहिल्या काही सेकंदांतच 41 च्या 41 ओळींवरून ‘प्रलंबित’ हा शब्द पुसला गेला, मग त्यांतील कितींचे काम झाले आणि कितींचे झाले नाही याच्याशी त्याचा काही संबंध उरला नाही. सातची स्क्रिप्ट ‘प्रलंबित’ हा शब्द किती ओळींत आहे एवढेच मोजत होती. तो एकाही ओळीत नव्हता म्हणून तिने शून्य सांगितले, आणि ‘तपासणी पूर्ण’ हे शब्द तर मी अहवालाच्या मजकुरात कायमचेच लिहून ठेवले होते. फेरी पूर्ण झाली की नाही हे पाहण्याची कोणतीही सोय त्या वाक्यामागे नव्हती. शिवाय पुढच्या रात्रीची फेरीही फक्त ‘प्रलंबित’ ओळीच उचलते. म्हणजे काकूंचा फोन आला नसता, तर या विनंत्या ‘प्रक्रियेत’ या शब्दाखाली कायमच्या राहिल्या असत्या आणि आमचा अहवाल रोज शून्य दाखवत राहिला असता.

त्यानंतर प्रत्यक्षात किती विनंत्या पूर्ण झाल्या हे ठरवायला बसलो. शीटनुसार ‘पाठवली’ अशा 13 ओळी होत्या आणि ‘प्रक्रियेत’ अशा 28. शीट ही माझ्याच स्क्रिप्टने लिहिलेली असल्याने तिची साक्ष पुरेशी मानता येईना, म्हणून वाचनालयाच्या खात्यातून गेलेले ईमेल शोधले. प्रत्येक ईमेलच्या विषयात विनंतीचा क्रमांक असतो, ही एक गोष्ट सुदैवाने आधीपासून बरोबर केलेली होती.

```
in:sent after:2025/09/07 before:2025/09/09 has:attachment
```

या शोधात 14 ईमेल निघाले. चौदावा ईमेल ज्या विनंतीचा होता ती शीटमध्ये अजून ‘प्रक्रियेत’ होती. ईमेल निघून गेल्यावर आणि शीटमध्ये ‘पाठवली’ असे उमटण्याआधी फेरी तुटली, असाच याचा अर्थ होतो. शीटवर विसंबून 28 विनंत्या पुन्हा चालवल्या असत्या तर एका सभासदाला तोच लेख दोनदा गेला असता, आणि त्यात फारसे बिघडले नसते हे खरे, पण आपला 13 हा आकडाही चुकीचा होता हे आम्हाला कधी कळले नसते.

उरलेल्या 27 ओळींबद्दल आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. स्क्रिप्ट वरून खाली एकेक ओळ घेते, म्हणून चौदाव्या ओळीनंतरच्या ओळींपर्यंत ती पोहोचलीच नव्हती. त्यांच्या प्रतिमा आहेत की नाहीत, पीडीएफ बांधली जाईल की नाही, यांतले काहीही अजून कोणी पाहिलेले नाही. त्यांना ‘अयशस्वी’ म्हणणे तितकेच चुकीचे ठरेल, जितके त्यांना ‘प्रक्रियेत’ म्हणणे चुकीचे होते.

10 सप्टेंबर, बुधवार

वाचनालयात कार्यवाह काकांना भेटून सर्व सांगितले. काका बँकेच्या हिशेब विभागातून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी आधी चष्मा पुसला, मग विचारले, “अरे, हे अजून कोणी विचारलेलं नाही. आजच्या अहवालात ‘काम सुरू आहे’ एवढं लिहिलं तर चालणार नाही का? चार दिवसांत होईलच सगळं.”

मी म्हणालो, “काका, सोमवारी आपण शून्य सांगितलं आहे. आता नुसतं ‘काम सुरू आहे’ म्हटलं, तर लोक ते नव्या विनंत्यांबद्दल आहे असं समजतील.”

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बरोबर. आरंभीची शिल्लक चुकीची ठेवून पुढची पानं लिहिण्यात अर्थ नाही. आधी ती दुरुस्त कर.” त्यानंतर दोघांनी बसून हा मजकूर ठरवला आणि तो कार्यकारिणीला व फोन करणाऱ्या काकूंना पाठवला :

‘8 सप्टेंबरच्या अहवालात प्रलंबित विनंत्या 0 असे कळवले होते, ते चुकीचे होते. त्या रात्रीच्या फेरीत 41 विनंत्या घेतल्या होत्या. त्यांपैकी 14 पाठवल्या गेल्या. 27 विनंत्यांपर्यंत फेरी वेळेअभावी पोहोचली नाही, त्यांत काही अडचण आहे की नाही हे अद्याप पाहिलेले नाही. त्यांतील सर्वांत जुनी विनंती 30 ऑगस्टची आहे. स्क्रिप्ट दुरुस्त होईपर्यंत रात्रीची तपासणी बंद आहे, ती 12 तारखेच्या रात्री सुरू करण्याचा प्रयत्न आहे.’

पहिल्या मसुद्यात मी ‘41 विनंत्या तपासल्या, 14 पाठवल्या’ असे लिहिले होते. ‘तपासल्या’ या शब्दावर काकांनी बोट ठेवले. ते म्हणाले की वाचणारा त्याचा अर्थ ‘प्रत्येक विनंती उघडून पाहिली’ असा घेईल, आणि आपण तर 27 ओळींवरून फक्त नजर फिरवून त्यांची मोजणी केली आहे. त्या दिवसापासून अहवालात ‘तपासल्या’ हा शब्द वापरायचा नाही असे ठरले. यादीत घेतल्या, हातात घेतल्या आणि पाठवल्या या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचा आकडा वेगळा असू शकतो.

12 सप्टेंबर, शुक्रवार

स्क्रिप्टमध्ये बदल केले. सर्व ओळींवर एकदम हक्क सांगण्याची पद्धत काढून टाकली. आता ओळ हातात घेतली की तेवढ्याच ओळीची स्थिती बदलते, ईमेल गेला की पुन्हा बदलते, आणि दोन्ही वेळा तो बदल शीटमध्ये लगेच उतरवला जातो. शीटवरील लेखन एरवी साठवून एकत्र केले जाऊ शकते, म्हणून येथे `flush` आवश्यक आहे.

```
const start = Date.now();
for (const r of list) {
  if (Date.now() - start > 270000) break;
  setStatus(r, 'पाठवत आहे');
  SpreadsheetApp.flush();
  const result = sendRequest(r);
  setStatus(r, result);
  SpreadsheetApp.flush();
}
writeRunRecord();
```

मर्यादा 360 सेकंदांची असताना थांबण्याची वेळ 270 का, असे ताईंनी विचारले. घड्याळ फक्त दोन विनंत्यांच्या मध्ये पाहिले जाते. एकदा विनंती हातात घेतली की ती संपेपर्यंत स्क्रिप्टला वेळेचे भान नसते. आमच्याकडची सर्वांत मोठी विनंती 38 पानांची आहे आणि तिला 70 सेकंद लागतात, म्हणून 269 व्या सेकंदाला तीच हातात आली तरी ती पूर्ण होऊन वर फेरीची नोंद लिहायला वीसेक सेकंद उरले पाहिजेत. ही नोंद लिहिली गेली नाही तर बाकी सगळे व्यर्थ आहे. सातची स्क्रिप्ट आता शीटवरील शब्द मोजत नाही, ती ही नोंद वाचते, आणि रात्रीची नोंद सापडली नाही तर ‘फेरी पूर्ण झाल्याची नोंद नाही’ असेच कळवते.

एवढे करूनही फेरी मध्येच तुटली, तर ‘पाठवत आहे’ या स्थितीत जास्तीत जास्त एक ओळ अडकेल. तिचा ईमेल गेला की नाही हे स्क्रिप्टने ठरवायचे नाही. ताईंनी सकाळी पाठवलेल्या ईमेलमध्ये तो क्रमांक शोधायचा आणि मग स्थिती हाताने लिहायची. तोवर अहवालात ती ‘निश्चित नाही : 1’ अशा स्वतंत्र ओळीत दिसेल.

13 सप्टेंबर, शनिवार

पहिली फेरी झाली. सकाळचा अहवाल असा आला :

‘आरंभीची शिल्लक 27, नवी आवक 4, एकूण 31. पाठवल्या 9. प्रयत्न केला पण पाठवता आल्या नाहीत 2. निर्णयासाठी थांबवल्या 1. वेळेअभावी हातात घेतल्या नाहीत 19. निश्चित नाही 0. बेरीज 31. अखेरची शिल्लक 22. सर्वांत जुनी : 30 ऑगस्ट.’

कार्यकारिणीतील एका सदस्यांनी उत्तर पाठवले की 31 पैकी 9 हा आकडा वाचून संस्थेचे काम फारच संथ चालते असे वाटते, तेव्हा आतापर्यंत पाठवलेल्या 23 प्रतींचा आकडा ठळक द्यावा. 23 हा आकडा खरा आहे (14 आणि 9), आणि तो देण्यास हरकतही नाही. मात्र तो एका रात्रीच्या अहवालात पहिल्या ओळीत आला, तर ज्यांची विनंती त्या 19 मध्ये आहे त्यांना त्यातून काहीच समजत नाही. काकांनी मधला मार्ग काढला. एकूण आकडा शेवटी द्यायचा आणि त्यासोबत तो कोणत्या तारखेपासूनचा आहे हे लिहायचे.

न पाठवता आलेल्या दोन विनंत्या पाहिल्या. पहिली तीच 38 पानांची. तिची पीडीएफ 25 एमबीपेक्षा मोठी होते आणि एवढी जोडफाइल ईमेलने जात नाही. दुसऱ्या विनंतीत पान 112 आणि 113 ची प्रतिमाच नाही. ताईंनी मूळ खंड काढून पाहिला, तेव्हा बांधणीच्या वेळी ती दोन पाने एकमेकांना चिकटलेली आढळली. थांबवलेल्या विनंतीतील लेखकाचे निधनाचे वर्ष आमच्या सूचीत नोंदलेले नाही. स्वामित्वहक्क लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे राहतो, म्हणून 1964 पर्यंत निधन पावलेल्या लेखकांचे लेखन आम्ही या वर्षी निःशंकपणे पाठवतो, आणि वर्ष माहीत नसेल तर विनंती समितीकडे जाते. ही तीन कारणे तीन वेगळ्या माणसांच्या हातातली आहेत : पहिले माझ्या, दुसरे ताईंच्या, तिसरे समितीच्या. आकडा फक्त ‘3 अडचणीत’ असा दिला असता तर हे कोणालाच दिसले नसते. उद्यापासून प्रत्येक अडलेल्या विनंतीपुढे कारण आणि ते कोणाकडे आहे हे लिहायचे.

14 सप्टेंबर, रविवार

आरंभीची 22, आवक 3, एकूण 25. पाठवल्या 10, पाठवता न आलेल्या 2, निर्णयासाठी 1, हातात न घेतलेल्या 12. बेरीज जुळली. अखेरची शिल्लक 15.

मात्र न पाठवता आलेल्या दोन विनंत्या कालच्याच आहेत. त्या जुन्या असल्याने यादीत वर राहतात, रोज पुन्हा हातात घेतल्या जातात आणि रोज पुन्हा अडतात. 38 पानांची पीडीएफ बांधण्यात 270 पैकी 70 सेकंद रोज वाया जातात आणि तेवढ्यात मागच्या दोन-तीन विनंत्या जाऊ शकल्या असत्या. तिसऱ्या प्रयत्नानंतर विनंती स्क्रिप्टच्या यादीतून काढून ‘माणसाकडे’ अशी स्थिती देण्याचे ठरवले. शिल्लकेत ती मोजली जाईलच, फक्त फेरी तिच्यासाठी थांबणार नाही.

15 सप्टेंबर, सोमवार

आज ताळा जुळला नाही. आरंभीची 15, आवक 2, एकूण 17. पाठवल्या 8, पाठवता न आलेल्या 2, निर्णयासाठी 1, हातात न घेतलेल्या 7, म्हणजे बेरीज 18. सतराची विनंत्यांची यादी आणि अठराचा हिशेब.

अहवाल सात वाजता निघून गेला होता आणि त्यात शेवटी ‘बेरीज एकूण संख्येशी जुळत नाही, फरक 1’ अशी ओळ होती. ही ओळ मी शुक्रवारीच घातली होती, ती इतक्या लवकर उपयोगी पडेल असे वाटले नव्हते. सव्वासातला काकांचा फोन आला. आवाजात तक्रार नव्हती, उलट उत्साह होता. एकाचा फरक शोधण्यात त्यांनी नोकरीतल्या कित्येक संध्याकाळी घालवल्या आहेत. ते म्हणाले, “फरक मोठा असता तर मी म्हणालो असतो की आकडे उलटसुलट पडले. एकाचा फरक म्हणजे कोणीतरी दार उघडं असताना आत आलं.”

तसेच झाले होते. फेरी 2 वाजून 17 मिनिटांनी सुरू झाली आणि 2 वाजून 20 मिनिटांनी, म्हणजे फेरी चालू असताना, एक नवी विनंती फॉर्ममधून शीटमध्ये आली. आरंभीची यादी सुरुवातीला वाचली होती, त्यात ती नव्हती. हातात न घेतलेल्यांची मोजणी मात्र फेरी संपल्यावर शीट पुन्हा वाचून होत होती, त्यात ती आली. रात्री सव्वादोनला दिवाळी अंकातील लेख मागणारी व्यक्ती कोण असेल याचे कुतूहल वाटले, पण ते असो.

हातात न घेतलेल्या विनंत्या आता सुरुवातीला घेतलेल्या यादीतूनच मोजल्या जातात, आणि मधल्या काळात आलेली विनंती ‘फेरी सुरू असताना आलेल्या’ या वेगळ्या ओळीत येते. ती पुढच्या रात्रीच्या आरंभीच्या शिलकेत धरली जाईल. म्हणून आजची खरी अखेरची शिल्लक 10 असून त्यात ही एक धरलेली आहे. दुरुस्त अहवाल दुपारी पाठवला.

17 सप्टेंबर, बुधवार

मंगळवारी 9 आणि आज 3 पाठवल्या गेल्या. वेळेअभावी राहिलेली एकही विनंती आता नाही. शिल्लक 3 : दोन माणसाकडे, एक निर्णयासाठी. 7 तारखेच्या रात्रीपासून पाठवलेल्या एकूण 53. काकांनी संध्याकाळी वाचनालयात बसून पाठवलेले ईमेल स्वतः मोजले, त्यांचेही 53 भरले.

18 सप्टेंबर, गुरुवार

कालचा 53 हा आकडा जुळत असूनही खरा नव्हता.

देवासच्या एका शिक्षिकेचे उत्तर आले. त्यांनी एकाच फॉर्ममध्ये तीन लेख मागितले होते. त्यांना दोन लेखांची पीडीएफ मिळाली आणि सोबत आमचे नेहमीचे वाक्य : ‘आपल्या विनंतीवर कार्यवाही पूर्ण झाली आहे.’ तिसरा लेख आमच्याकडे नाही, की देता येत नाही, की विसरला, असे त्यांनी अत्यंत सौजन्याने विचारले होते. त्या सौजन्यामुळेच ते वाचणे अधिक जड गेले.

एखाद्या लेखाचे फोल्डर सापडले नाही तर तो सोडून पुढच्या लेखाकडे जायचे, असे स्क्रिप्टमध्ये होते. निदान दोन लेख तरी जावेत हा हेतू योग्यच होता, पण सोडलेला लेख ना शीटमध्ये लिहिला जात होता, ना ईमेलमध्ये. काकांची मोजणीही यात काही करू शकली नसती, कारण ईमेल खरोखरच 53 गेले होते. शीट आणि पाठवलेले ईमेल या दोघांनी एकमेकांना दुजोरा दिला आणि दोघांनाही मूळ मागणी विचारलीच गेली नव्हती.

आज सर्व 53 फॉर्म पुन्हा काढले. एकाहून अधिक लेख मागणारे 11 निघाले आणि त्यांतील 4 विनंत्यांमध्ये प्रत्येकी एक लेख गाळला गेला होता. म्हणजे पूर्ण पाठवलेल्या विनंत्या 49 आणि अंशतः पाठवलेल्या 4.

आकडा कसा लिहायचा यावर बराच वेळ चर्चा झाली. विनंत्यांऐवजी लेख मोजावेत असे मी सुचवले, कारण त्यात अर्धवटपणाचा प्रश्नच राहत नाही. ताईंचे म्हणणे असे पडले की मागणारा माणूस लेख मोजत नाही, आपले काम झाले की नाही ते पाहतो, आणि तीनपैकी दोन लेख मिळाले तर त्याचे काम झालेले नसते. शेवटी विनंतीच मोजायची, पण सर्व लेख गेले तरच ‘पाठवली’ म्हणायचे आणि एरवी ‘अंशतः’ म्हणून शिल्लकेतच ठेवायची, असे ठरले. यामुळे शिल्लक 3 वरून 7 झाली.

मी शीटमधील जुन्या चार ओळी बदलून कालच्या तारखेचा आकडा 49 करायला निघालो होतो. काकांनी हात धरला. “खोडायचं नाही. चुकीची नोंद तशीच राहू दे, खाली आजच्या तारखेला दुरुस्तीची नोंद कर. नाहीतर काल 53 वाचलेला माणूस उद्या 49 वाचेल आणि आपलं वाचन चुकलं असं समजेल.” त्यानुसार आजच्या अहवालात आरंभीची शिल्लक 3, दुरुस्ती +4 (पूर्वी पूर्ण म्हणून दाखवलेल्या, प्रत्यक्षात अंशतः), अखेरची शिल्लक 7 असे तीन ओळींत लिहिले. दुरुस्तीच्या ओळीसोबत कारणही दिले.

मागणाऱ्याला जाणारे ईमेलही बदलले. देवासच्या शिक्षिकेला आजच असे लिहिले : ‘आपण मागितलेल्या 3 लेखांपैकी 2 लेख 13 सप्टेंबरला पाठवले. तिसरा लेख पाठवला गेला नाही आणि तसे कळवायचेही राहून गेले. सूचीत त्याचा खंड क्रमांक चुकीचा नोंदलेला असल्याने स्क्रिप्टला पाने सापडली नाहीत. लेख आमच्याकडे आहे आणि सोमवारपर्यंत पाठवू.’ ‘लवकरच’ हा शब्द ताईंनी मसुद्यातून काढला आणि त्या जागी वार लिहायला लावला.

24 सप्टेंबर, बुधवार

नवरात्र सुरू असल्याने संध्याकाळी वाचनालयात गर्दी कमी आहे. 18 तारखेनंतर 9 नव्या विनंत्या आल्या आणि त्या सर्व पूर्ण पाठवल्या गेल्या. सूचीतील खंड क्रमांक दुरुस्त केल्यावर अंशतः असलेल्या चारपैकी तीन पूर्ण झाल्या, त्यांत देवासची आहे आणि ती सोमवारीच गेली. 38 पानांची पीडीएफ दोन भागांत बांधून दोन ईमेलने पाठवली. पहिल्या ईमेलच्या विषयात ‘भाग 1, एकूण 2’ असे लिहिले आणि दोन्ही गेल्यावरच शीटमध्ये ‘पाठवली’ असे नोंदले.

अखेरची शिल्लक 3. एका विनंतीत लेखकाच्या निधनाचे वर्ष शोधणे समितीकडे आहे. उरलेल्या दोन्ही विनंत्या, एक पूर्ण राहिलेली आणि एक अंशतः, त्याच पान 112 व 113 वर अडलेल्या आहेत. ताईंनी पाने सोडवायला घाई करू नये असे सांगितले आहे, कारण ओलावा देऊन ती वेगळी करताना शाई उठण्याची भीती आहे. बांधणीचे कारागीर दसऱ्यानंतर येणार आहेत. त्या दोन सभासदांना आज तसे कळवले, आणि खंड उघडल्यावर ती पाने वाचता येण्याजोगी निघतील की नाही हे आताच सांगता येत नाही, हेही त्याच ईमेलमध्ये लिहिले.